रक्तदान शिबिरातील रांग नेमकी कुठे अडते? या चुका टाळा

घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या गृहसंकुलात रविवारी सकाळी नऊ ते एक या वेळेत शिबिर आहे, असे समजा. रक्तपेढीने चार खाटा, एक डॉक्टर आणि तंत्रज्ञ पाठवले आहेत. रांग वाढली की आयोजक आणखी खाटा मागतात. खरे तर खाटेवर एका दात्याला साधारण पंधरा मिनिटे लागत असल्याने चार खाटांवर तासाला सोळा जण रक्त देऊ शकतात. पण डॉक्टरांना प्रत्येकाची तपासणी आणि चौकशी करण्यास पाच मिनिटे लागली, तर त्यांच्याकडून तासाला बाराच जण पुढे जातात. रांग लांब असूनही खाट रिकामी दिसत असेल, तर अडचण तपासणीच्या टेबलावर आहे, हे ओळखावे आणि रक्तपेढीकडे खाटेऐवजी दुसरा डॉक्टर मागावा.

ही कोंडी बहुतेक वेळा घोषणेतूनच जन्माला येते. फलकावर केवळ ‘नऊ ते एक’ लिहिल्यास लोक नाश्ता आणि बाजार आटोपून अकराच्या सुमारास एकदम येतात. अशा वेळी चाळीस जण आले, तर शेवटच्या माणसाची तपासणी होईपर्यंत तीन तास उलटतात आणि तोवर तो घरी गेलेला असतो. म्हणून इमारतीनिहाय वेळ द्यावी. ‘ए’ आणि ‘बी’ इमारतींना नऊ, पुढच्या दोन इमारतींना दहा, अशी.

आदल्या संध्याकाळच्या संदेशात केवळ ‘अवश्य या’ असे लिहून भागत नाही. रक्ततपासणीप्रमाणे रक्तदानही उपाशीपोटी करायचे असते, असा अनेकांचा समज असतो, त्यामुळे ‘व्यवस्थित खाऊन आणि भरपूर पाणी पिऊन या’ हे स्पष्ट लिहावे. शिबिराच्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी येते का, हे तारीख ठरवतानाच पाहावे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि मागील रक्तदानानंतर पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर, हेही त्याच संदेशात असावे, म्हणजे रांगेत ताटकळून परत जाण्याची वेळ कमी जणांवर येईल. हिमोग्लोबिन मात्र जागेवरच कळते, ते १२.५ पेक्षा कमी भरले, तर स्वयंसेवकाने त्या व्यक्तीशी चारचौघांत चर्चा करू नये.

अल्पोपाहाराचे टेबल प्रवेशद्वाराजवळ मांडणे ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण दाता खाटेवरून उठून थेट तिकडे चालू लागतो आणि भोवळ बहुधा याच वेळी येते. खाटांलगत खुर्च्या मांडून सरबत, बिस्किटे आणि कॉफी तेथेच हातात द्यावी, दात्याला किमान दहा-पंधरा मिनिटे बसवावे. तेथे एक स्वयंसेवक सतत हवा, आणि त्याच्याकडे वाटपाचे काम नसावे. चेहरा पांढरा पडणे, घाम फुटणे किंवा बोलणे मंदावणे दिसताच त्याने दात्याला जागीच आडवे करून पाय उंच ठेवावेत आणि डॉक्टरांना हाक मारावी.