जीडीपी आणि जीएनपीतला फरक: रेमिटन्सचा पैसा नेमका कुठल्या खात्यात जातो

इकॉनॉमिक्सला नवीन असाल, परीक्षेसाठी म्हणा किंवा डेटाच्या नोकरीत म्हणा, तर एक वाक्य सगळ्यांचं पाठ असतं: देशाच्या हद्दीत जे तयार झालं ते जीडीपी, आणि देशाच्या लोकांनी जगात कुठेही जे कमावलं ते जीएनपी. त्याला जोडून लगेच दुसरं येतं, की परदेशात काम करणारे लोक घरी पैसे पाठवतात, म्हणजे रेमिटन्स येतात, म्हणून जीएनपी वाढतो आणि परदेशी कंपन्या नफा घेऊन जातात म्हणून कमी होतो. मी गेली काही वर्षं देशांचे आकडे घेऊनच काम करतोय, आणि नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्यांदा हेच सांगतो की यातला परदेशी कंपन्यांचा भाग बराचसा बरोबर आहे, पण रेमिटन्सचा भाग जसा पाठ करून घेतात तसा चालत नाही.

नेपाळचंच बघा ना. तिथे येणारे रेमिटन्स ढोबळमानाने जीडीपीच्या चौथा हिस्सा भरतील इतके आहेत, म्हणजे पाठ केलेल्या वाक्याप्रमाणे जीएनपी जीडीपीपेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी मोठा दिसायला हवा. प्रत्यक्षात फरक जेमतेम एखाद्या टक्क्याच्या आसपास असतो. भारताचं तर अजून गंमतशीर, जगात सर्वात जास्त रेमिटन्स भारतात येतात आणि तरीही भारताचा जीएनपी जीडीपीपेक्षा थोडा कमीच भरतो.

कारण असं की हिशोबात 'देशाचे लोक' म्हणजे पासपोर्टवाले लोक नाहीत, तर रहिवासी. जो माणूस एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळासाठी दुसऱ्या देशात राहतोय तो त्या देशाचा रहिवासी धरला जातो, मग नागरिकत्व कुठलंही असो. समजा एकजण सहा महिन्यांच्या हंगामी कामासाठी बाहेर गेला, तिथे 3 लाख मिळवले, 1 लाख तिथेच राहण्या-खाण्यावर गेले आणि 2 लाख घरी आणले. तो अजून मायदेशाचाच रहिवासी आहे, त्यामुळे त्याचे पूर्ण 3 लाख मायदेशाच्या जीएनपीत धरले जातात, नुसते घरी आणलेले 2 लाख नाही (तिथे खर्च केलेला 1 लाख आयात म्हणून वेगळा नोंदला जातो). आता दुसरा माणूस, तीन वर्षं तिकडेच राहतोय, तोही 2 लाख घरी पाठवतो. त्याची कमाई तिकडच्या देशाची, आणि घरी आलेले 2 लाख म्हणजे एका देशाच्या रहिवाशाने दुसऱ्या देशाच्या रहिवाशाला दिलेली मदत, हिशोबाच्या भाषेत हस्तांतरण. जीएनपीत त्याचा वाटा शून्य. हे पैसे अजून एका पुढच्या आकड्यात मिळवले जातात, त्याला राष्ट्रीय खर्चयोग्य उत्पन्न म्हणतात, आणि नेपाळचा तो आकडा काढलात की मगच तो चौथा हिस्सा डोळ्यांना दिसतो. म्हणून कुटुंबांच्या हातात किती पैसा आला असा प्रश्न असेल तर जीएनपी बघून उपयोग नाही, थेट खर्चयोग्य उत्पन्नावर जा.

आता परदेशी मालकीची कंपनी. इथे एक छोटा हिशोब स्वतः कागदावर करून बघाच, कारण नुसतं वाचून डोक्यात बसत नाही. कंपनीची विक्री 100 कोटी, बाहेरून घेतलेला कच्चा माल आणि सेवा 60 कोटी, तर मूल्यवर्धन 40 कोटी आणि तेवढंच जीडीपीत जाणार. त्या 40 मधून 20 पगाराला गेले, 5 करात गेले, उरला 15 कोटी नफा (घसारा, म्हणजे मालमत्तेची दरवर्षीची झीज, सोपेपणासाठी सोडून देऊ). पगार आणि कर देशातच राहिले, पण मालकी पूर्ण परदेशी असल्यामुळे 15 कोटी बाहेरच्यांचं उत्पन्न, म्हणून जीएनपीत फक्त 25. इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पुढचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो: कंपनीने डिव्हिडंड फक्त 6 कोटी पाठवला आणि 9 कोटी इथेच नवीन मशीनसाठी ठेवले, तर जीएनपीतून वजा किती करायचे? बहुतेक जण 6 म्हणतात. उत्तर 15 आहे. ठेवलेला नफासुद्धा आधी मालकाला दिला आणि मग मालकाने तोच परत गुंतवला असं धरतात, त्याला पुनर्गुंतवलेली कमाई म्हणतात, म्हणजे एक रुपया सीमेपार गेला नाही तरी जीएनपी कमी होतो आणि तेच 9 कोटी परदेशी गुंतवणूक म्हणून दुसऱ्या खात्यात परत दिसतात.

पण हा नियम थेट गुंतवणुकीलाच लागू आहे, म्हणजे एकाच परदेशी गुंतवणूकदाराकडे कंपनीतला मतदानाचा 10 टक्के किंवा जास्त हक्क असेल तेव्हा. शेअर बाजारातून थोडे थोडे शेअर घेतलेले हजारो परदेशी लोक असतील तर फक्त प्रत्यक्ष वाटलेला डिव्हिडंड वजा होतो, राखून ठेवलेला नफा देशाच्याच जीएनपीत पडून राहतो. ही फट किरकोळ वाटते, आयर्लंडने दाखवून दिलं की नाहीये.

आयर्लंडमध्ये 2015 सालची वाढ पहिल्यांदा जाहीर झाली तेव्हा जीडीपी एका वर्षात 26.3 टक्क्यांनी वाढल्याचं आलं. कारखाने एवढे वाढले नव्हते, मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवली होती, त्यामुळे त्यावरचं उत्पादन आयर्लंडच्या नावावर चढलं. आता तुम्ही म्हणाल ठीक आहे, नफा परदेशी मालकांचा, जीएनपी बघू, तो शहाणा असेल. तर जीएनपीची वाढ 18.7 टक्के! कारण जीएनपी 'स्थूल' असतो, त्यात घसारा धरलेला असतो, आणि मालकाचा नफा मोजताना मात्र घसारा आधीच वजा झालेला असतो. त्या प्रचंड पेटंटांचा घसारा ना नफ्यात गेला ना बाहेर गेला, आयर्लंडच्या जीएनपीतच बसून राहिला. वर काही कंपन्यांनी नुसतं मुख्यालय तिथे हलवलेलं, त्यांचे शेअरहोल्डर विखुरलेले परदेशी, म्हणजे वरचीच फट. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने 2017 पासून सुधारित जीएनआय नावाचा वेगळाच आकडा द्यायला सुरुवात केली, जीएनआय म्हणजे जीएनपीचंच हल्लीचं नाव, आणि या सुधारित आकड्यात अशा मुख्यालयांचं उत्पन्न आणि हलवलेल्या बौद्धिक संपदेचा व भाड्याने दिलेल्या विमानांचा घसारा काढून टाकतात. अलीकडच्या वर्षांत तो जीडीपीच्या साधारण निम्म्याच्या जरा वर भरतो. निम्मा! त्यामुळे आयर्लंडचं कर्ज जीडीपीच्या इतके टक्के असं कोणी लिहिलं की मी पुढचं वाचायच्या आधी खाली कुठला आकडा घेतलाय ते बघतो.

डेटा काढायला बसाल तेव्हाच्या दोन-तीन गोष्टी. जीएनपी नावाने शोधलंत तर हल्ली बऱ्याच ठिकाणी सापडणार नाही, 1993 च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीपासून त्याचं नाव जीएनआय झालंय. फरक कशामुळे आला हे कळायला बॅलन्स ऑफ पेमेंट्सचा तक्ता उघडा, त्यात प्राथमिक उत्पन्नाखाली कमी मुदतीच्या कामगारांचे पगार आणि गुंतवणुकीचं उत्पन्न येतं, तर घरी पाठवलेले पैसे दुय्यम उत्पन्नाखाली. जागतिक बँकेची रेमिटन्सची जी मालिका सगळे वापरतात तिच्यात हे दोन्ही, म्हणजे कमी मुदतीवाल्यांचे पगार आणि घरी पाठवलेले पैसे, एकत्र केलेले असतात, त्यामुळे ती जीडीपीत मिळवून जीएनपी काढायला जाऊ नका, आकडा जुळणारच नाही.

आणि जागतिक बँकेचाच अ‍ॅटलस पद्धतीचा जीएनआय घेऊन डॉलरमधल्या साध्या जीडीपीशी तुलना करू नका. अ‍ॅटलसमध्ये तीन वर्षांच्या विनिमय दरांची सरासरी वापरतात, साध्या जीडीपीत त्या वर्षाचा दर, मग चलन घसरलेल्या वर्षी जो फरक दिसतो त्यात रेमिटन्स आणि परदेशी कंपन्यांचा काही संबंध नसतो, तो नुसता दराचा खेळ असतो. दोन्ही आकडे त्या देशाच्याच चलनात, चालू किमतींना घ्या आणि मग भागाकार करा.