होस्टेलवरून रडत फोन आला तर
सहावीत नवोदयला वगैरे गेलेलं पोरगं पहिल्याच आठवड्यात फोनवर रडतं, "आई, मला न्यायला ये ना". तेव्हा "नाही करमलं तर आणू हं परत" असं चुकूनही बोलू नका, कारण मग ते तिथे रुळायचं सोडून न्यायची वाटच बघत बसतं. त्यापेक्षा "आठवण येते ना, येणारच रे, आता रविवारी बोलू" म्हणा आणि तो रविवार पाळा. शक्यतो दुपारी बोला, झोपायच्या वेळी आठवण जास्त दाटते. शेजारच्या कॉटवर कोण आहे, भाजी कुठली होती असलं विचारा. पण जेवण तुटलं, अंथरूण ओलं व्हायला लागलं किंवा कुणाची भीती वाटते म्हणालं, तर रविवारची वाट न बघता लगेच जाऊन भेटा.