यादी घडी करा, कंडक्टरला विचारा

कोल्हापूरला एकटीच गेले होते, दोन दिवसांसाठी. यादीत अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर. पन्हाळा एका टोकाला आणि खिद्रापूर पार दुसऱ्या टोकाला, हे लक्षात आलं दुसऱ्या दिवशी सकाळी! यादी पर्समध्ये कोंबली आणि गगनबावड्याकडच्या एस.टी.त बसले.

जानेवारी होता. वाटेत उसामागून धूर दिसला, तापल्या रसाचा गोड वास आला. फाट्यावर उतरताना कंडक्टरला परतीचं विचारलं. "ताई, साडेपाचची धरा. ती गेली की मुक्कामी गाडी, ती सकाळीच सुटती."

मुक्कामी गाडी रात्री गावातच थांबते. म्हणून हा प्रश्न उतरण्याआधीच विचारायचा. फाट्यावर उभं राहून सांगणारं कुणी नसतं.

गाव शांत, पारावर दोन म्हातारे. वाळत घातलेली चिपाडं दिसली की गुऱ्हाळ जवळ आहे समजा. आत जाण्याआधी विचारा, आणि काहिलीपासून लांब उभ्या राहा, रस उसळतो. भेंडीच्या झाडाचं पाणी टाकल्यावर मळी वर आली, ती झाऱ्यानं काढली. मग गुळव्यानं पाक थेंबभर गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहिली. वळली, तशी काहील उतरवली. मला वाटीभर गरम काकवी मिळाली. पैसे घेईनात, म्हणून दोन किलो गूळ घेतला.

साडेपाचची गाडी पावणेसहाला आली.