यूपीआयचे पैसे अडकले तर

यूपीआय ॲपमध्ये खाते जोडताना बँकेत नोंदवलेल्या नंबरचे सिम त्याच फोनमध्ये हवे. त्यावरून एक एसएमएस जातो, म्हणून थोडा बॅलन्सही ठेवा. मग डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदत टाकून पिन ठरवायचा. इथवर सहसा अडत नाही.

खरी धांदल उडते ती किराणा दुकानात. खात्यातून ६५० रुपये गेल्याचा मेसेज येतो, दुकानदार म्हणतो, "नाही आले." लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी ॲपच्या हिस्टरीत पाहा. 'पेंडिंग' असेल तर व्यवहार अजून लटकलेला आहे. पुन्हा पाठवलेत तर दोन्ही रकमा पोहोचू शकतात. शक्य असेल तर रोख द्या. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर मात्र जपून ठेवा, पुढचा सगळा शोध त्यावरच चालतो.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार, व्यक्तीला पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराचे अडकलेले पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई मिळते. मुदत उलटली की त्याच व्यवहारावर जाऊन ॲपमध्येच तक्रार नोंदवा. मदतीचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे भामटे टपलेले असतात. रिफंडसाठी पिन कधीच लागत नाही; कोणी मागितला तर फोन ठेवा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालांकडे जाता येते.