फोनवर प्रत्येक पान ‘निरोगी’ का दिसत होतं?

इंदूरजवळच्या सोयाबीनच्या शेतांत रेंज मिळत नाही, म्हणून पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं, मोबाइलनेट-व्ही2 वर शिकवलेलं मॉडेल टेन्सरफ्लो लाइटमध्ये बदलून अ‍ॅपमध्येच ठेवलं. लॅपटॉपवर पिवळा मोझॅक हा रोग नीट ओळखला जाई. फोनवर मात्र रोगट पानही ‘निरोगी’. शेतकऱ्यासाठी याहून घातक उत्तर नाही, कारण मग तो हा रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीकडे बघतच नाही.

रूपांतरात गडबड आहे का, हे पाहायला तीच `.tflite` फाइल, तोच फोटो लॅपटॉपवर चालवला. उत्तर बरोबर आलं! म्हणजे दोष फोटो मॉडेलपर्यंत पोहोचवण्यात होता. मॉडेलला पिक्सेल −1 ते 1 हवे होते, अ‍ॅप 0 ते 1 देत होतं. मूळ पिक्सेल −1 ते 1 मध्ये बसवण्याचं काम मॉडेलच्या आतच, सुरुवातीच्या थरात टाकलं:

```python
tf.keras.layers.Rescaling(1/127.5, offset=-1)
```

आता अ‍ॅप 0 ते 255 चे मूळ पिक्सेल फ्लोटमध्ये देतं. एकाच फोटोचे दोन्हीकडचे गुण जुळतात, फरक पडलाच तर शेवटच्या दशांशात.