सीट बुक केली एक, भरल्या तीन

बॅचमधले सगळे प्रोजेक्टला लागले आणि मी अजून पायथनच्या लिस्टमध्येच अडकलेय, असं तू लिहिलंस. मीही अडकले होते, तेही लिस्टमध्येच. कर्वेनगरच्या कॉट बेसिसच्या खोलीत, डिप्लोमा मेकॅनिकलचा आणि शिकायला घेतलेलं पायथन.

सरावासाठी मी बसच्या सीट बुक करायचा प्रोग्राम लिहीत होते. तीन रांगा, प्रत्येकीत तीन सीट, रिकामी असेल तर शून्य.

```python
seats = [[0] * 3] * 3
seats[0][1] = 1
print(seats)
```

पहिल्या रांगेतली मधली सीट बुक केली, तर तिन्ही रांगांतली मधली सीट भरली:

```
[[0, 1, 0], [0, 1, 0], [0, 1, 0]]
```

एररही नाही. एरर आली असती तर निदान लाल अक्षरं तरी दिसली असती. दोन दिवस मी इंडेक्स बदलत बसले. शेवटी रूममेटने चहाचा कप हातात धरूनच दुसऱ्या हाताने ओळ बदलून दिली:

```python
seats = [[0] * 3 for _ in range(3)]
```

चाललं. तिला मिनिटही लागलं नाही. त्या रात्री मी गावी परत जायचा विचार केला होता. ती कॉलेजात असताना याच जागी आपटली होती, हे मला फार उशिरा कळलं. तिचं ते एक मिनिट मी माझ्या दोन दिवसांशी ताडून पाहत होते. तिचे आधीचे दिवस मी पाहिलेच नव्हते.

पण माझी खरी चूक पुढे झाली. प्रोग्राम चालला म्हणून मी पुढच्या व्हिडिओवर गेले. का चालला, ते विचारलंच नाही.

पहिल्या नोकरीत काही महिन्यांतच तोच बग वेश बदलून आला. प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे तक्रारींची रिकामी यादी हवी होती, म्हणून मी `dict.fromkeys(names, [])` लिहिलं. टेस्टरने एकाची तक्रार नोंदवली, ती सगळ्यांच्या नावावर दिसली. पुन्हा दोन दिवस गेले. आमच्या सीनिअरने कीबोर्डला हातही लावला नाही, फक्त विचारलं, "यात लिस्ट किती तयार झाल्या?"

एकच! सगळी नावं तिच्याकडेच बोट दाखवत होती. सीटचंही तेच झालं होतं. बाहेरचा `* 3` रांगेच्या तीन प्रती काढत नाही, एकाच रांगेचा पत्ता तीनदा लिहितो. `seats[0] is seats[1]` छापून बघ, `True` येईल. रूममेटच्या ओळीत मात्र लूपच्या प्रत्येक फेरीला `[0] * 3` नव्याने चालतं, म्हणून रांगा खरोखर तीन होतात.

मग आतल्या `[0] * 3` ने घोळ का होत नाही? तिथेही तोच शून्य तीनदा आहे की! पण `seats[0][1] = 1` म्हणताना आपण शून्याला हात लावत नाही. त्या खणातला पत्ता पुसून तिथे एकचा पत्ता लिहितो. शेजारचे खण होते तसेच राहतात. रांगेचं तसं नाही. आपण रांगेच्या आत शिरून तिलाच बदलतो, मग तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्यांना बदललेली रांग दिसते. हे समजायला मला संध्याकाळभर कागदावर चौकोन आणि बाण काढावे लागले. तू सावकाश काढ, घाई नाही.

एक स्पष्ट सांगते, राग मानू नकोस. व्हिडिओ बघून टाइप केलेला प्रोग्राम चालला, म्हणजे तो तुला आला असं नाही. बॅचमधले 'पुढे गेलेले' कितीजण असेच गेलेत, ते कोरी फाइल समोर आली की दिसेल. आणि जो मेंटर तुझा लॅपटॉप स्वतःकडे ओढून बग काढून देतो, त्याच्याकडे जाणं कमी कर. माणूस भला असेल, पण सराव त्याचा होतो. 'अमुक दिवसांत डेव्हलपर' वाले बोर्ड तर मी वाचतही नाही.

मी अजूनही करते ते एवढंच: बग आला की बाकीचा प्रोग्राम बाजूला ठेवायचा, तो तीन-चार ओळींत पुन्हा घडवायचा आणि चालवण्याआधी काय छापलं जाईल ते पेनने लिहायचं. लिहिलेलं आणि छापलेलं जुळलं नाही, तर नेमकं कुठे फाटा फुटला ते तिथेच सापडतं. अंदाजच लिहिता येत नसेल, तर मागची ओळ समजलेली नाही. मग पुढे जायचं नाही, बॅच कुठेही पोचलेली असो. अर्थात याने सगळे बग सापडत नाहीत. नेटवर्कचे किंवा कधीतरीच उगवणारे बग चार ओळींत घडवता येत नाहीत. पण आत्ता तुझ्यासमोर आहेत ते बहुतेक सापडतील.

आता पहिली, चुकीची `seats` पुन्हा घे आणि दुसऱ्या ओळीच्या जागी हे लिही:

```python
seats[0] = [1, 1, 1]
```

किती रांगा भरतील? आधी कागदावर लिही, मग चालव. आणि मला त्या कागदाचा फोटो पाठव, उत्तर खोडलेलं असलं तरी.