मंगळवारच्या तासाला वाफसा हवा: शाळेच्या बागेतल्या पेरणीची तयारी

बागकामाचा तास चाळीस मिनिटांचा असतो. त्या चाळीस मिनिटांत मुलांनी वाफा करायचा, पेरायचं आणि हात धुऊन वर्गात परत जायचं, हे नागपूरच्या काळ्या मातीत तेव्हाच जमतं जेव्हा त्या दिवशी मातीला वाफसा असतो. वाफसा म्हणजे माती ओली नाही, कोरडीही नाही, हाताला गार लागते पण चिकटत नाही. म्हणून माझी तयारीची यादी तासापासून उलटी मोजलेली आहे. आमचा तास मंगळवारी असतो. तुमचा दुसऱ्या दिवशी असेल तर वार तेवढे सरकवून घ्या.

गेल्या वर्षी मी हीच गोष्ट चुकवली. जमीन दगडासारखी कडक वाटली, म्हणून तासाच्या दिवशी सकाळीच पाइप लावून भरपूर पाणी सोडलं. मुलं आली तेव्हा फावड्याला, बुटांना, हातांना चिखलाचे गोळे लागत होते. तरीही आम्ही खणलं, थापलं आणि मेथी पेरली. आठवड्याभरात वाफ्यावर कडक पापडी धरली, खालची माती विटेसारखी वाळली आणि चार वाफ्यांत मिळून मोजकी रोपं वर आली. बियाणं चांगलं होतं. ओल्या काळ्या मातीवर पाय आणि फावडं पडलं की तिच्यातल्या हवेच्या जागा दाबून बंद होतात, आणि मग कोंबाला वर यायला वाट राहत नाही, मुळाला खाली जायला राहत नाही.

आता क्रमाने. दिवाळीची सुट्टी लागण्याआधी काहीही पेरू नका, कारण उगवणीच्या दिवसांत शाळा बंद राहते आणि पाणी द्यायला कोणी नसतं. शाळा पुन्हा उघडली की पहिल्याच आठवड्यात जागा ठरवायची. तोवर ऊनही निवळलेलं असतं आणि मेथी, मुळा आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, तिन्हींना हवा मानवते. जागा निवडताना हिवाळ्यातली सावली बघावी लागते, आणि ती उन्हाळ्यात कळत नाही. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे 6 फूट उंच कुंपणभिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ 6 फूट पडते. भिंतीला लागून वाफे केले तर रोपं उन्हासाठी लांबुळकी होतील. भिंतीपासून सात-आठ फूट सोडा. नळ जवळ असावा, बकऱ्या आत येणार नाहीत एवढं कुंपण असावं.

आमच्या वर्गात चाळीस मुलं, म्हणून वाफे चार, प्रत्येकी दहा मुलांचा. वाफा 3 फूट रुंद आणि 8 फूट लांब. रुंदी याहून जास्त नको, कारण पाचवीच्या मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचला पाहिजे आणि वाफ्यात पाय पडता कामा नये. दोन वाफ्यांमध्ये 2 फुटांची वाट. चार वाफे शेजारी शेजारी धरले तर 18 फूट बाय 8 फूट जागा लागते. चार खुंट्या आणि सुतळीने आधीच आखून ठेवा, तासात आखणी करत बसलात तर पेरणी राहून जाते.

पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी पहिली खणणी. ही मोठ्यांनी करायची, कुदळीने, वीतभर खोल. पावसाची थोडी ओल खाली असते, त्यामुळे मोठमोठी ढेकळं निघतात. ती तशीच राहू द्या. हराळीच्या काड्या आणि नागरमोथ्याच्या गाठी मात्र हातांनी वेचून बाहेर टाका, तुकडा राहिला तर पुन्हा फुटतो. ढेकळं उन्हात वाळली की हुमणीच्या पांढऱ्या अळ्याही उघड्या पडतात आणि पाखरं त्या टिपतात.

ती वाळकी ढेकळं मुगरीने फोडत बसू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते, म्हणून तर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. वाळक्या ढेकळावर पाणी पडलं की बाहेरचा थर आधी फुगतो, आतला कोरडाच असतो, आणि ढेकूळ आपोआप तडकतं. त्यामुळे मंगळवारच्या तासासाठी आदल्या शुक्रवारी सकाळी झारीने किंवा पाइपच्या बारीक धारेने सगळी आखलेली जागा चांगली भिजवायची आणि सोडून द्यायची. त्यावर कोणी चालायचं नाही. खेळाच्या तासाच्या मुलांना आधी सांगून ठेवा.

शनिवारी चार बोटं खोलवरची माती मुठीत दाबून बघा. गोळा कमरेच्या उंचीवरून खाली टाकला आणि तो चपटा झाला, तर अजून ओल जास्त आहे. रविवार उन्हात जातो. सोमवारी सकाळी पुन्हा तोच गोळा करा. या वेळी तो खाली पडून भुरभुरला, तर वाफसा आला. गोळाच होत नसेल तर माती कोरडी पडली, मग झारीने हलकं पाणी शिंपडून गोणपाट झाकून ठेवा. सोमवारीही गोळा चपटाच झाला, ढगाळ हवेत असं होतं, तर मंगळवारी जमिनीला हात लावू नका. तो तास बी मोजण्याला द्या आणि पेरणी पुढच्या तासाला घ्या. एक तास गेला तरी चालतो, ओल्यात तुडवलेली माती पूर्ण हंगाम सुधारत नाही.

शेणखत आधीच मागवून ठेवा, एका वाफ्याला एक घमेलं. ते पुरतं कुजलेलं हवं. हातात घेतलं तर गार, चुरा होणारं, शेणाचा वास नसलेलं, आणि कडब्याचा तुकडा ओळखू येत नाही असं. कच्चं शेण टाकलं की वाळवी आणि हुमणी पाठोपाठ येतात आणि त्यातून तणाचं बीही उगवतं. आणखी अर्धं घमेलं शेणखत चाळून घ्या, त्यात तेवढीच बारीक रेती मिसळा आणि गोणीत बाजूला ठेवा. बियांवर पांघरायला हे मिश्रण वापरायचं, काळी माती नाही. पापडी टाळायची मला सापडलेली ही सगळ्यात सोपी युक्ती आहे.

बियाण्याची परीक्षा पहिल्या खणणीच्या दिवशीच लावायची. मेथीचे 20 दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचे, मुळ्याचे 20, सांबाराचे 20. फडकं रोज ओलं करायचं. मेथी आणि मुळा चार-पाच दिवसांत कळतात, सांबाराला आठ-दहा दिवस द्यावे लागतात. या वेळी स्वयंपाकघरातल्या मेथीचे 20 पैकी 17 उगवले, म्हणून बाजारातून आणली नाही. घरच्या जुन्या धन्याचे फक्त 7 आले, ते बाद केले. 14 च्या खाली आलं तर बदलाच. विकत आणताना गुलाबी किंवा निळसर रंग चढवलेलं बी मुलांच्या हातात देऊ नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. दुकानात साधं, औषध न लावलेलं मागायचं.

धन्याचा गोल दाणा म्हणजे दोन बिया चिकटलेल्या असतात. चप्पल पालथी करून हलकं रगडलं की त्याच्या दोन फाकी होतात. पीठ होईपर्यंत रगडायचं नाही.

वाफ्याच्या रुंदीला समांतर ओळी काढल्या तर हिशेब फार सुंदर बसतो. 8 फुटांत 9-9 इंचांवर दहा ओळी, म्हणजे प्रत्येक मुलाची 3 फुटांची एक ओळ, नावाच्या काडीसकट. दोन वाफे मेथी, एक मुळा, एक सांबार. मेथीच्या आणि सांबाराच्या ओळीला इंचा-इंचावर 36 दाणे किंवा फाकी लागतात, मुळ्याच्या ओळीला दोन-दोन इंचांवर 18. सोमवारी कागदाच्या चाळीस पुड्या बांधून ठेवा. मेथीची 25 ग्रॅमची पुडी दोन वाफ्यांना पुरून उरते. मूठभर बी हातात दिलं की मुलं सगळं एकाच जागी ओततात, मोजलेली पुडी दिली तर एक एक दाणा जपून ठेवतात.

सोमवारी दुपारी मोठ्यांनी शेणखत पसरून वरच्या चार बोटांत मिसळायचं आणि वाटेतली माती वाफ्यावर ओढून तो अर्धी वीत उंच करायचा. काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून गादीवाफाच बरा. रात्रभर गोणपाट झाकून ठेवलं की वाफसा टिकतो.

मंगळवारी झाडाखाली हे सगळं मांडलेलं असावं: खुरपी, झाऱ्या, पुड्या, रेती-खताचं मिश्रण, ओळी ओढायला 3 फुटी काठ्या, साबण आणि भरलेली बादली. मुलांच्या पायांत बूट हवेत, हाताला जखम असेल त्याला नावाच्या काड्या लिहायला बसवायचं. पहिली दहा मिनिटं हातांनी ढेकळं चुरून वाफा सपाट करायचा. मग काठी दाबून चर पाडायचा, अंगठ्याच्या नखाएवढा खोल, त्याहून जास्त नाही. एका मुलीने गेल्या वर्षी बोटभर खोल खड्डे केले होते आणि तिची एकही मेथी वर आली नाही. खणून पाहिलं तर कोंब वाटेतच पिवळे पडून वळले होते. दाणे ठेवून झाले की मुठीने मिश्रण पांघरायचं, तळहाताने हलकं दाबायचं आणि बारीक भोकांच्या झारीने एका वाफ्याला साधारण दहा लिटर पाणी, धार जमिनीवर न आपटता. शेवटची पाच मिनिटं साबणाने हात धुण्यासाठी राखून ठेवा.

वर ओलं गोणपाट. रोज सकाळी प्रार्थनेआधी त्यावरच पाणी शिंपायचं. शनिवारी शाळा सुटताना ते उचलून बघा. मेथी-मुळ्याचा एक जरी कोंब दिसला तर त्या वाफ्याचं गोणपाट तिथेच काढून टाका, नाहीतर सोमवारपर्यंत रोपं पांढरी, लांब आणि आडवी झालेली सापडतात. कोंब दिसला नाही तरी काढा आणि रविवारपुरतं वाळलं गवत विरळ पसरा. सांबाराचं गोणपाट मात्र राहू द्या, त्याला आणखी आठवडा लागतो, आणि शेजारच्या वाफ्यात हिरवं दिसत असताना आपलंच का नाही म्हणून ती दहा मुलं विचारत राहतील. त्यांना चपलेखाली रगडलेल्या धन्याच्या फाकीचं जाड टरफल दाखवून ठेवा.